महिनाभराचं दही

गावातल्या समाजमंदिरात मी महिनाभरापूर्वी जे बोलून बसले होते, ते मला झोपू देत नव्हतं. बायकांना आहाराबद्दल सांगायच्या नोकरीला लागून पाच महिने झाले होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चारचौघींत बोलायचं झालं की वाक्य आधी मनात जुळवावं लागे. त्या दिवशी मात्र जुळवायला वेळच मिळाला नाही. एका बाईने विचारलं, "पोट जड होतं, गुबारा धरतो, काय खावं?" आणि मी म्हणून गेले, "रोज वाटीभर दही खा. महिन्यात सगळं थांबेल."

बदनापूरहून एसटीने आलेल्या आमच्या मुख्यसेविका बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना ते फार आवडलं. आठ धडधाकट बायका निवडून महिनाभर दही खायला घालायचं आणि गुण आला की सगळ्या गावांत हाच कार्यक्रम घ्यायचा, असं त्यांनी तिथेच ठरवलं. जाताना मला म्हणाल्या, "हे नीट झालं तर तुमची नेमणूक पक्की करायची शिफारस मीच करते."

महिनाभर मीही दही खाल्लं. माझं पोट माणसांत बसलं की गुरगुरायचं, ते तसंच गुरगुरत राहिलं. उलट दिवसभर मी त्याचाच कानोसा घेऊ लागले. सकाळी बरं वाटलं की दह्याचा गुण, दुपारी जड वाटलं की ज्वारीची भाकरी घाईत खाल्ली म्हणून. असा हिशेब मीच लावतेय हे कळत होतं, तरी थांबवता येत नव्हतं.

ठरल्या दिवशी बाई वही उघडून बसल्या. आठही जणी आल्या होत्या.

पहिली म्हणाली, "मला बराबर वाटून राह्यलं. सकाळी पोट साफ व्हतंय."

बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. पण पुढच्या तिघींना काहीच फरक नव्हता. "आधी बी बरं व्हतं, आता बी बरंच हाय," त्यांतली एक म्हणाली. पाचवी आणि सहावी एकमेकींकडे बघून हसत होत्या.

"तुम्ही खाल्लं ना रोज?" मी विचारलं.

"खाल्लं की. कढी करून," पाचवी म्हणाली.

"रोज कढी?"

"मंग! एवढ्या थंडीत गार दही कोण खातं? तुमच्या शाळेत खात असतील!"

सगळ्या खदखदून हसल्या. सातवी म्हणाली, "म्या तर दह्याऐवजी आंबील घेतली. ती बी आंबवलेलीच. शिजवूनच पितो आम्ही."

आठवी पदर पोटावर धरून बसली होती. शेजारणीने तिला ढोसलं, तेव्हा म्हणाली, "मला तर जास्तीच फुगून राह्यलंय. पर म्हणलं, तुम्ही एवढं सांगितलं, महिना तर काढावा." तिचं दही कसं असतं विचारलं, तर दुपारी विरजलेलं ती संध्याकाळीच खात होती. आंबट तिला चालत नव्हतं.

"अर्धवट लागलेलं दही म्हणजे जवळपास दूधच," मी म्हणाले. "दूध पचत नसेल तर त्याने फुगतंच."

बाई वहीवर पेन टेकवून हळूच म्हणाल्या, "एकीला गुण आला आहे. बाकीच्यांना येईल. सांगा त्यांना."

माझं पोट सगळ्यांना ऐकू जाईल इतकं गुरगुरलं. मी उभी राहिले.

"मी मागे सांगितलं ते जास्त होतं," मी म्हणाले. "ज्याचं पोट मुळात ठीक आहे, त्याला दह्याने मोठा फरक जाणवेलच असं नाही. एखादीला थोडं हलकं वाटतं, एखादीला काहीच नाही. कढी, आंबील चांगली आहे, खुशाल खा. पण पोटाला गुण येतो तो विरजणातल्या जिवंत जंतूंनी, आणि उकळल्यावर ते मरतात. दही हे अन्न आहे, औषध नाही. पोट सतत दुखत असेल, रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर दह्यावर बसू नका, दवाखान्यात जा."

बाईंनी वही मिटली. माझ्या शिफारशीचं काय, हे न सांगताच त्या पिशवी आवरू लागल्या.

"मंग मी सोडलं तर चालंन?" आठवीने विचारलं.

"चालेल. खावंसं वाटलंच तर पूर्ण लागलेलं, थोडंसं."

तिने पोटावरचा हात काढला. "मायव, म्या रोज डोळे मिटून खात व्हते. तुम्ही रागावसाल म्हणून."