मांड्या-पोटऱ्यांची तक्रार

दिवाळीचा फराळ संपला आणि शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. त्यात माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, त्या माझ्याच वयाच्या बाई आहेत, रिपोर्ट दोनदा वाचला. माझ्या वडिलांना पन्नाशीतच हार्ट अटॅक आला होता, हे त्यांना माहीत होतं. साखर तपासली, रक्तदाब पाहिला, खाण्यापिण्यातल्या चार गोष्टी सांगितल्या आणि रात्री झोपताना घ्यायची एक गोळी लिहून दिली. काही त्रास वाटला तर या, असंही म्हणाल्या. हे वाक्य मी ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता विसरले.

मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवते. त्या वर्षी मुख्याध्यापकांच्या मनात आलं की सव्वीस जानेवारीला मुलांबरोबर शिक्षिकांनीही लेझीम खेळावं. चोपन्न वर्षांची मी पहिल्या रांगेत. रोज शाळा सुटल्यावर तासभर सराव चालायचा. खाली वाकायचं, गुडघ्यात बसायचं, उठायचं, परत वाकायचं. डिसेंबरच्या मध्यावर माझ्या मांड्या भरून यायला लागल्या तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. सगळ्याच जणी कण्हत होत्या. शिक्षकांच्या खोलीत तेलाची बाटली फिरत होती.

फरक एवढाच, की बाकीच्यांचं दुखणं चार-सहा दिवसांत गेलं. माझं मुक्कामाला आलं.

दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या. सांधे नाही, कंबर नाही. कुणीतरी आतून पिळून वाळत टाकल्यासारखं वाटायचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी मी रोज थांबायला लागले. त्यांना वाटलं मी गप्पा मारायला थांबते. त्यांनी मला चहा पाजला, सुनेबद्दल सगळं सांगितलं, आणि मी बसून पोटऱ्या चोळत ऐकत राहिले. खरं सांगायचं तर त्या महिन्यात त्यांच्याशी जेवढी ओळख वाढली तेवढी अकरा वर्षांत वाढली नव्हती.

सव्वीस जानेवारी झाली. लेझीम छान झालं. फोटोत मी खाली वाकलेली आहे आणि चेहऱ्यावर हसू आहे, पण ते हसू कसलं आहे हे मलाच माहीत. त्यानंतर लेझीम पेटीत गेलं, सराव बंद झाला. दुखणं मात्र फेब्रुवारी उजाडला तरी तिथंच. फळ्यावर खालच्या ओळीत लिहायचं तर मी टेबलाला धरून वाकायची. खाली मांडी घालून बसले की उठताना कुणाचा तरी हात लागायचा.

तेव्हा आमच्या गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत सहज म्हणाल्या, त्यांच्या दिरांचेही असेच पाय दुखायचे, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी. त्यांनी त्या बंद केल्या आणि ठणठणीत झाले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिशेब जुळत होता. गोळी नोव्हेंबरात सुरू झाली, दुखणं डिसेंबरात. मी घरी येऊन मोबाईल उघडला. तिथं तर जगातल्या सगळ्यांचे पाय त्याच गोळीनं दुखत होते. त्यातच एके ठिकाणी लिहिलं होतं की यातल्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नये.

आता फेब्रुवारी-मार्चात नाशिकमध्ये राहून द्राक्षं खायची नाहीत म्हणजे काय, हे नाशिककरालाच कळेल. माझ्या नणंदेच्या दिंडोरीकडच्या बागेतून दर आठवड्याला एक पेटी येते. मी पेटीला हात लावणं बंद केलं. आणि गोळीही बंद केली. कुणालाच न सांगता. रात्री पाणी प्यायचं, पाकिटाचा आवाज करायचा आणि गोळी कपाटात मागे सारायची.

आमचे हे वीज कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. आयुष्यभर मीटर वाचलेल्या माणसापासून काही लपत नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "ही पट्टी महिन्याभरात एवढीच कशी संपली?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत, त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना अटॅक आला तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर मी बसलो होतो. पाय दुखतात तर ते डॉक्टरांना सांग. पण मला न सांगता असं करू नको."

मला वाईट वाटलं. आणि गंमत म्हणजे, गोळी बंद करून पंधरा दिवस झाले तरी पाय पूर्ण बरे झाले नव्हते. दुखणं निम्म्यावर आलं होतं, पण उरलेलं निम्मं हटत नव्हतं. म्हणजे माझा जुळलेला हिशेबही पूर्ण जुळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. गोळी मनानं बंद केली हे सांगताना मी सहावीतल्या मुलासारखी खाली बघत होते. डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की फोन केला असता तर त्यांनीच कदाचित काही दिवस थांबवायला सांगितलं असतं, पण मग मधल्या पंधरा दिवसांत त्यांनी कारणही शोधलं असतं. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मला कळलं की दुखतंय एवढं म्हणून भागत नाही.

दुखणं नेमकं कधी सुरू झालं? एका पायात की दोन्ही? नुसतं दुखतं की ताकदही कमी वाटते, खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का? एक पाय सुजलाय, लाल झालाय असं काही? चालताना दुखतं आणि थांबलं की लगेच थांबतं, असं होतं का? लघवीचा रंग कधी काळपट, कडक चहासारखा झाला होता? ताप? गेल्या दोन महिन्यांत दुसरी कुठली औषधं, अँटिबायोटिक, काढे, चूर्णं? दुसऱ्या मजल्यावरच्या काकू चहाबरोबर कधीमधी घरचा काढाही पाजायच्या, ते मी कबूल केलं. त्यात काय काय होतं ते मला सांगता आलं नाही, तेव्हा त्यांनी तो बंद करायला सांगितला.

लघवीचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. मी नाही म्हटल्यावर सांगितलं, की तसं झालं, किंवा पायातली ताकदच गेल्यासारखं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. ते क्वचित होतं, पण झालं तर किडनीला धोका असतो.

मग मी द्राक्षांचं विचारलं. डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे हो. ते पपनसाच्या जातीचं मोठं आंबट फळ. द्राक्षं खा." आमचे हे गालातल्या गालात हसत होते. त्या पंधरा दिवसांत आलेल्या पेट्या त्यांनी एकट्यानं संपवल्या होत्या.

शेवटी त्यांनी विचारलं, थकवा येतो का, थंडी जास्त वाजते का, केस गळतात का, वजन वाढलंय का. मी म्हटलं, चोपन्नाव्या वर्षी हे सगळं होतंच की. त्यांनी मान हलवली आणि रक्ताच्या दोन तपासण्या लिहिल्या. एक सीपीके, स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी, आणि दुसरी थायरॉइडची. सीपीकेच्या आधी दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम करू नका म्हणाल्या, नाहीतर व्यायामानंही आकडा वाढतो. रिपोर्ट येईपर्यंत गोळी थांबलेलीच ठेवायला सांगितली. या वेळी त्यांच्या सांगण्यावरून.

सीपीके थोडंसं वाढलेलं निघालं, काळजी करण्याइतकं नाही. थायरॉइड मात्र चांगलंच मंदावलेलं होतं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं. स्नायूही दुखतात. आणि तशा शरीराला ही गोळी दिली की पाय दुखण्याची शक्यता आणखी वाढते. गोळीचा दोष आहेच, पण एकटीचा नाही. खरं तर गोळी सुरू करतानाच मी थायरॉइड बघायला हवं होतं."

एखादा डॉक्टर असं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यापासून काही लपवलेलं नाही.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. पाय दुखणं परवडलं, असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं. मी गोळी घेऊन स्वयंपाकघरात घड्याळासमोर उभी राहायची आणि हे माझ्यासमोर बसून निवांत चहा प्यायचे. पण महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावर थांबायची गरज संपली. काकूंना वाईट वाटलं. आता मी मुद्दाम रविवारी जाते.

दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं. थायरॉइड ताळ्यावर येत होतं, सीपीके उतरलं होतं. कोलेस्टेरॉलही कमी झालं होतं, पण हवं तेवढं नाही. मी आशेनं विचारलं, आता त्या गोळीची गरज नाही ना? डॉक्टरांनी वडिलांची गोष्ट परत काढली. त्या म्हणाल्या, निर्णय दोघींनी मिळून घेऊ. पाय दुखले म्हणून हृदयाचं संरक्षण कायमचं सोडायचं नाही, पण दुखत असताना सोसतही बसायचं नाही. त्याच जातीतली दुसरी गोळी, अगदी कमी डोस. दुखलं तर फोन. तरीही जमलं नाही तर वेगळ्या प्रकारची औषधंही आहेत.

पहिले दहा दिवस मी स्वतःच्या पोटऱ्यांवर पाळत ठेवली. सकाळी उठले की दाबून बघायची. एकदा डावी पोटरी दुखली तेव्हा लगेच फोन केला. एकाच बाजूला आहे, काल काय केलंत, त्यांनी विचारलं. माळा साफ केला होता. स्टुलावर चढून. दोन दिवसांत दुखणं गेलं. गोळी तशीच चालू राहिली आणि आज वर्ष होत आलं, त्या जुन्या दुखण्यानं तोंड दाखवलेलं नाही.

जाता जाता डॉक्टर म्हणाल्या होत्या की थायरॉइड घराण्यात असू शकतं, बहीण असेल तर तिलाही सांगा. माझी धाकटी बहीण मनमाडला असते. मी तिला फोन करून थकवा, केस, वजन, थंडी असे सगळे प्रश्न डॉक्टरांच्याच सुरात विचारले. ती म्हणाली, "ताई, मला काही झालेलं नाही. तू फोन ठेवलास की बरं वाटेल."

पुढच्या आठवड्यात तिनं गुपचूप तपासणी करून घेतली. रिपोर्ट चांगला आला, पण ते तिनं मला सांगितलं नाही. तिच्या नवऱ्यानं सांगितलं.