गोम्याची पगडी

मंडळी, गोम्या बाहुला तसा फुकटातच झाला. लाकूड चुलीजवळचं, अंगरखा जुन्या धोतराचा. महाग पडला तो डोक्यात भरलेला मूठभर कापूस; सध्याचे भाव तुम्ही जाणताच.

अकोल्यात एवढं घर बांधलं, पण ओसरीवर लेकरं आज पहिल्यांदा जमली. खेळ मीच लिहिलेला. दोन हातांत दोन बाहुले, दोन आवाज. तिसऱ्या माणसाची मला गरजच नव्हती.

गोम्या पगडी कांकणासारखी हातात घालतो आणि दुसरा बाहुला, शहाणा काका, सांगतो, "डोक्यावर." गोम्या पगडीवर बसतो, काका पुन्हा सांगतो. पोरं हसेनात. दोघं तर उठून चालू लागले.

पुढे बसलेली माळ्याची लेक कंटाळून म्हणाली, "हा काका काहून सांगून राहिला? आमाले मालूम हाये ना."

मी काकाला हातातून काढून ठेवलं. गोम्यानं पगडी नाकावर चढवली, पोरांकडे वळला आणि नुसता थांबला.

"डोक्यावर, येड्या," सगळी ओरडली.

"इथं?" गोम्यानं पोटावर ठेवली. पोरं हसून लोळली. उठलेले दोघंही परत येऊन बसले.

चूक अशी हवी, जी पोरांना आधीच कळते. आणि ती सांगायला त्यांना जागा सोडावी लागते. तुमच्या घरी ही जागा कोण सोडतं?

संध्याकाळी आया हाका मारून पोरांना घेऊन गेल्या. मी गोम्याची पगडी पुन्हा नाकावर चढवली आणि थांबलो. "डोक्यावर" म्हणायला घरात कोणी नव्हतं.