श्रीलंकेचा क्लेम

आईची श्रीलंकेची सहल रद्द झाली आणि क्लेमचं पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विहारातल्या बायकांबरोबर अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायला ती निघाली होती. विमानाच्या आदल्या दिवशी पोटात असं दुखलं की थेट अकोल्याच्या दवाखान्यात. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन झालं, बायका तिच्याविना गेल्या. भरलेल्यातलं सहलवाल्याने थोडंच परत केलं. विम्याचे पैसे आले तरच पुढच्या गटात तिची जागा होणार होती.

अमरावतीला माझ्या घरी बसून मी पत्र लिहिलं. पॉलिसी घेतल्याची तारीख, निघायची तारीख, दवाखान्यात भरती झाल्याची, सुट्टी मिळाल्याची, रद्द केल्याचं कळवलं ती तारीख. सोबत तिकीट, सहलीच्या पावत्या, किती कापले त्याचं सहलवाल्याचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, बिलं, प्रवास करू नये असा डॉक्टरांचा दाखला. एवढं जोडूनही कंपनी कधी पावती अस्पष्ट म्हणायची, कधी रद्द केलेला चेक मागायची. तो तर पहिल्याच दिवशी जोडला होता. माझं डोकं फिरायची वेळ आली.

मग खरी मेख निघाली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, 'दोन वर्षांपासून त्रास.' आजार पॉलिसीच्या आधीचा असेल तर क्लेम नाही. आजाराचं निदान पहिल्यांदा कधी झालं ते डॉक्टरांकडून लिहून आणा, असं कंपनीने कळवलं.

भरती करताना माहिती बाबांनी दिली होती. मी अकोला गाठलं आणि त्यांच्यावर घसरलेच.

"बाबा, दोन वर्सं कावून सांगतले तुमी?"

"डॉक्टरनं इचारलं, मी सांगतलं," एवढंच बोलून ते चपला शोधायला लागले. मला वाटलं, डॉक्टरांनी लवकर बघावं म्हणून त्यांनी दुखणं फुगवून सांगितलं असणार. तसाच खुलासा लिहून घ्यायचा म्हणून मी दोघांनाही दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी लेटरहेड पुढे ओढलं. "खडे आहेत हे पहिल्यांदा कधी कळलं?"

"आत्ताच, भरती केलं तेव्हा," मी म्हणाले.

"नाई डॉक्टरसाहेब," आई म्हणाली. "दोन वर्सं झाले. सोनोग्राफी केली होती. तवाच ऑपरेशन करा म्हनलं होतं. " तिने बाबांकडे बोट केलं. "यायले मीच सांगतलं होतं, पोरीजवळ बोलू नका."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला इतका राग आला की डॉक्टरांसमोरच ओरडले, "अवं, मंग मले सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं असतं तं जाऊ देलं असतं काय तू मले?"

नसतंच दिलं.

क्लेम गेला होता. डॉक्टर पेन धरून थांबले. "मग काय लिहू?"

"जे हाय तेच लिहा," आई म्हणाली. "पैशाचं पाहू मंग. अन् आता खडे निघाले ना? मंग मी श्रीलंकेले कधी जाऊ शकतो, तेबी लिहून द्या. हे पोरगी तुमचा कागद पाह्यल्याशिवाय सोडनार नाई."