तीन नव्हे, झे

सयाजीराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा सोबत पेन्शन आणि रशियन भाषा एवढंच घेऊन कराडला आले. नोकरी सगळी रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये झालेली. तिथली पुस्तकं रशियन, म्हणून साहेबांनी भाषेच्या कोर्सला पाठवलं आणि या गड्याला ती भाषा लागलीच. आता घराच्या माळवदावरच्या खोलीत बसून ते कारखान्यांसाठी यंत्रांची रशियन पुस्तकं इंग्रजीत आणत. त्यांच्या पत्नी, अंजनाबाई, पाहुण्यांना सांगत, "आमचं ह्ये रशियाचं काम करत्यात."

गेल्या श्रावणात शिरवळच्या एका कारखान्यानं पत्रा दाबून आकार देणारा जुना रशियन प्रेस विकत घेतला. त्याचं शहाऐंशी पानांचं पुस्तक तिथल्या इंद्रजित नावाच्या इंजिनिअरनं स्कॅन करून पाठवलं. मूळ प्रतच झेरॉक्सची झेरॉक्स. कॉम्प्युटरनं त्या चित्रांतली अक्षरं ओळखून मजकूर काढून दिला खरा, पण निम्मा भलताच.

"सर, मशीनमध्ये टाकून लगेच भाषांतर काढता येईल की," इंद्रजित म्हणाला.

"आधी निवडायचं, मग शिजवायचं," सयाजीराव म्हणाले. "खडा राहिला तर दातच जायचा."

ते रोज सकाळी आंघोळ उरकून बसत. पडद्यावर डावीकडे स्कॅन, उजवीकडे मजकूर. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडायचे. मग इंग्रजी अक्षरं हुडकायची. रशियन 'с' आणि इंग्रजी 'c' दिसायला सारखीच, पण कॉम्प्युटरला ती वेगळी. 'насос' म्हणजे पंप. तो शब्द शोधला तर बाराच ठिकाणी सापडला. मधे शिरलेली इंग्रजी अक्षरं बदलल्यावर तोच चाळीस ठिकाणी निघाला.

पाचव्या दिवशी गाडी अडली. टाकीतलं तेल सोडायच्या कॉकबद्दल लिहिलं होतं: तेल भरण्याआधी कॉक '3' या स्थितीत ठेवा. पुढं कुठं '0' होतं. एक नाही, दोन नाही. शून्य आणि तीन, एवढंच. सयाजीरावांनी चष्मा पुसला, स्कॅन मोठा केला. अक्षर इतकं फुटलेलं की काही कळेना. त्यांनी इंद्रजितला फोन लावला.

"कॉकवर काय कोरलंय, बघून सांगा."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "सर, शून्य आणि तीनच आहे. मधले आकडे घासून गेले असतील. उद्या सकाळी दोन बॅरल तेल भरणार आहोत. कॉक शून्यावर ठेवलाय, म्हणजे बंदच."

सयाजीराव घाईनं म्हणाले, "थांबा. मी सांगेपतूर तेल वतू नका."

रशियनमध्ये 'З' हे अक्षर, उच्चार 'झे', अगदी तिनासारखं दिसतं. आणि 'О' शून्यासारखं. संशय पक्का होता, पण संशयावर काम करायचं नाही, ही वर्कशॉपची शिस्त. त्यांनी मजकूर बाजूला ठेवला आणि स्कॅनचीच पानं एकेक उलटायला घेतली.

एका पानावर ते थांबले असताना अंजनाबाई चहा घेऊन आल्या. "आवं, कवाच्यानं त्येच पान बगताय?"

"ह्ये बग, ह्ये तिरकं झालेलं काय दिसतंय?"

"लई वाकडंय. चौकट हाय जणू."

सातव्या पानावरचा तक्ता होता तो. स्कॅन करताना कागद तिरका बसला होता, म्हणून कॉम्प्युटरनं त्याला चित्र समजून अक्षरं काढलीच नव्हती. सयाजीरावांनी पान फिरवून सरळ केलं. तक्त्यात दोनच ओळी, स्पष्ट: О — открыто, З — закрыто. उघडा आणि बंद.

त्यांनी लगेच फोन केला. "इंद्रजित, ते आकडे नव्हंत. अक्षरं हायत. तुमचं शून्य म्हंजी उघडा, आन् तीन म्हंजी बंद."

तो म्हणाला, "म्हणजे उद्या चारशे लिटर तेल फरशीवर..."

"व्हय. म्हनून तर थांबा म्हनलो."

सगळीकडे '3' बदलून एका फटक्यात 'З' करता आलं असतं, पण मग खरे तीन मिलिमीटरही बिघडले असते. सयाजीरावांनी एक्केचाळीस जागा एकेक करून तपासल्या. सव्वीस ठिकाणी आकडा खरा होता, पंधरा ठिकाणी अक्षर. शून्यांचंही तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रजितनं पाठवलेला फोटो आला. कॉकची मूठ 'З'वर, टाकी भरलेली, खाली फरशी कोरडी. खाली लिहिलं होतं, 'घाई नाही सर, निवडून होऊ द्या.'

अंजनाबाईंनी फोटो पाहिला. "एवड्याशा वळणासाटी चार तास घालवलं?"

"व्हय," सयाजीराव समाधानानं म्हणाले, आणि आठव्या पानाकडे वळले.