माझाच नियम, माझंच खातं

कांद्याचे भाव सांगणारं ॲप आम्ही नाशिकच्या ऑफिसातून चालवतो. मोबाइल नंबर गेलेल्यांसाठी नियम मीच घातला होता: नव्या नंबरासाठी अर्ज आला की तीन दिवस थांबायचं, खातं जिथे जिथे उघडं असेल तिथे सूचना पाठवायची आणि कुणी 'हा मी नाही' दाबलं की अर्ज रद्द.

मग रिचार्ज विसरून माझाच नंबर गेला. हे अर्ज बघणाऱ्या, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला गळ घातली, माझा अर्ज तीन दिवस न थांबता मंजूर कर.

"तोंड ओळखते रे तुझं, पण नियमही तुझाच," ती गोड हसली.

तिसऱ्या दिवशी अर्ज रद्द! खातं उघडं असलेला माझा जुना टॅब घरी आईकडे होता.

"कुणी मेला तुझ्या खात्यात शिरत होता," आई ऐटीत म्हणाली. "आज टॅब उघडल्यावर सूचना दिसली, तू शिकवलंस तसं लगेच बटण दाबलं. पुन्हा आला तर पुन्हा दाबीन."