एकशे आठला फोन केला

सांगलीच्या एका नर्सिंग कॉलेजात मी आपत्कालीन उपचार शिकवते. माझा पाठ नऊ पायऱ्यांचा, एकही इकडची तिकडे नाही. वर्गात शिरताच सरावाचा रबरी बाहुला धाडकन जमिनीवर पाडायचा, पेंगणाऱ्या पोरी ताठ बसतात. मग आज काय जमलं पाहिजे ते सांगायचं, मानेवरची नाडी कुठं लागते त्याची उजळणी घ्यायची, छातीवर तीस दाब आणि दोन श्वास करून दाखवायचे, वाकलेली कोपरं हात धरून सरळ करायची. मग त्यांनी करायचं, मी तिथल्या तिथं चुका सांगायच्या, आणि शेवटी परीक्षा. नववी पायरी म्हणजे शिकलेलं टिकणं आणि वर्गाबाहेर वापरता येणं. तिला मी "घरी उजळणी करा" एवढ्यावर वाटेला लावायची. आठ पायऱ्यांचा तोरा मात्र नऊ पायऱ्यांएवढा.

परीक्षेत खरी रुग्णवाहिका कुठून आणणार? म्हणून मुलीनं मोठ्यानं म्हणायचं, "एकशे आठला फोन केला," आणि मी कागदावर खूण करायची.

गेल्या वर्षी माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. रांगेतले एक आजोबा खुर्चीवरून कोसळले. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी धावली. खांदे हलवले, श्वास आणि नाडी पाहिली, खणखणीत आवाजात म्हणाली, "एकशे आठला फोन केला," आणि दाब सुरू केले. कोपरं सरळ, लय बरोबर. मी शेजारी गुडघ्यावर बसले होते, आणि खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. ती दमली की मी, मी दमले की ती, असं चाललं होतं.

बऱ्याच वेळानं आजोबांबरोबर आलेल्या आजींनी विचारलं, "आवं बाई, गाडी कवा येणार?"

मी मुलीला विचारलं, फोनवर किती वेळ सांगितला. ती दाब देतादेताच म्हणाली, "मॅडम, मी म्हणाले की."

फोन तिच्या एप्रनच्या खिशात होता. ती वाक्य म्हणायला शिकली होती, फोन लावायला नाही. आणि ते ऐकून मी मनातल्या मनात खूणही केली होती. मीच फोन लावला. गाडी आली, पण आजोबा गेले. आधी आली असती तर वाचले असते का, हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

आजींनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीनं लय केलं," म्हणाल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आता परीक्षेत मुली खिशातून फोन काढून माझ्या सहकारी बाईंना खरोखर लावतात. गावाचं नाव, जवळची खूण, पेशंटची अवस्था सांगितल्याशिवाय मी पुढं जाऊ देत नाही. महिन्याभरानं न सांगता, कधी जिन्यात तर कधी कँटीनमध्ये, पुन्हा करायला लावते.

त्या दिवशी आम्ही गाडीनं परतत होतो. कराड मागं पडल्यावर ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, फोनचे मार्क तुम्ही मला पूर्ण दिले होते ना?"

दिले होते.