उचाट आणि सत्तेचाळीस मिनिटं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कधी डोळ्यांचं निमित्त, कधी घरात पाहुणे. खरं कारण एवढंच की यात मी कुठेही चांगला दिसत नाही.

मी जळगावला जमीन मोजणीच्या खात्यात होतो. दोन भाऊबंद बांधावरून हमरीतुमरीवर आले की आम्ही मोजणी करायचो आणि आकडा सांगायचो. आकडा सांगितला की माझं काम संपायचं. हीच सवय मी निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या फोटोंमध्ये नेली.

या छंदातला माझा जोडीदार दीपनगरला राहायचा. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्याने आयुष्य काढलं होतं. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला आबा. दोघांकडे सारखेच कॅमेरे होते आणि दोघांच्या बायकांचं त्या कॅमेऱ्यांबद्दल मतही सारखंच होतं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही पाचोऱ्याजवळच्या एका तळ्यावर जायचं ठरवलं. भाऊ आदल्या दिवशीच पाचोऱ्याला बहिणीकडे मुक्कामाला गेला. मी पहाटेच्या पॅसेंजरने गेलो. फलाटावर चहा घेतला, कपाचा एक फोटो काढला आणि रिक्षा केली. वाटेत तिचं चाक पंक्चर झालं, त्याचाही फोटो काढला. तळ्यावर पोहोचलो तर चिखलात उचाट उभा. काळा-पांढरा, लांब पायांचा, चोचीचं टोक वर वळलेलं. आमच्या जळगावच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटाच्या यादीत हा पक्षी तोवर नव्हता. मी धडाधड फोटो काढले. मग पलीकडच्या बाभळीआडून भाऊ बाहेर आला. तोही हसत होता.

गटाची पद्धत अशी की नव्या पक्ष्याची पहिली नोंद ज्याची, त्याचं नाव छापील पुस्तिकेत जायचं. जळगावला बैठकीत दोघांचे फोटो लावले. भाऊच्या फोटोवर वेळ सात वीस, माझ्या फोटोवर सहा पंचावन्न.

भाऊ म्हणाला, "आबा, तू येवाना पहिले मी अर्धा तास बसेल व्हतू."

"कॅमेरा काय खोटं बोलतो?" मी म्हणालो.

"कॅमेरा ऱ्हाऊ दे, सावली देख. मनी लांब शे, तुनी आखूड शे. सूर्य काय तुनासाठे मागे गया का?"

सगळे हसले. त्यात मी सर्वांत मोठ्याने. मी म्हणालो, "भाऊ, सावल्या मोजून नोंदी व्हायला लागल्या तर माझं खातं बंद पडेल."

कुणीतरी शंका काढली की पॅसेंजर तर सहाला येते आणि तळं तिथून रिक्षाने तासाभरावर, मग आबा सहा पंचावन्नला तळ्यावर कसे? त्यावर गटाने असं मान्य केलं की त्या दिवशी पॅसेंजर वेळेआधी आली असेल. पॅसेंजर वेळेआधी येऊ शकते, यावर चौदा शहाण्या माणसांनी विश्वास ठेवला. आबाच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ चुकलं असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. पंक्चरचं मी बोललो नाही. विसरलो होतो असं म्हणवत नाही.

पुस्तिका निघाली, माझं नाव छापून आलं. भाऊ भांडला नाही. फक्त त्याच्या गुडघ्यांना अचानक आमच्या सहलीच्या रविवारीच त्रास होऊ लागला.

पुढे काही वर्षांनी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायला घेतली. त्यांनी सगळ्यांकडून फोटो मागवले. कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली नको, जेपीजी करून द्या, आणि फोटो काढल्याची मूळ तारीख हलू देऊ नका, अशी ताकीद होती. मी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, सगळ्या फाइली एका दमात बदलल्या आणि पेन ड्राइव्ह पाठवून दिला.

चार दिवसांनी त्यांचा फोन. "आबा, तुमच्याकडे नऊ वर्षांचे सगळे पक्षी एकाच मंगळवारी दुपारी आले होते का?"

त्या सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख गाळून टाकली होती, आणि उरली होती ती फाइल तयार झाल्याची. मूळ फाइली शाबूत होत्या म्हणून निभावलं. बाईंनी एक्झिफटूल नावाचं साधन सांगितलं. त्याला चित्र नाही, बटण नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. त्या ओळीने प्रत्येक जेपीजीला तिच्याच नावाची कच्ची फाइल शोधून दिली आणि तिच्या पोटातली तारीख उचलून जेपीजीत लिहिली. दुसऱ्या ओळीने फाइलीची बाहेरची तारीखही तीच केली. हिवाळी बदकं हिवाळ्यात गेली, चातक पावसाळ्यात. मला फार आनंद झाला. तो दहा मिनिटं टिकला.

कारण आता फोटो तारखेप्रमाणे रांगेत लागले आणि मी ते पहिल्यापासून बघत बसलो. त्यात पाचोऱ्याचा चहाचा कप आला. कपामागे फलाटावरचं घड्याळ होतं. घड्याळात सहा पाच, कॅमेऱ्याच्या नोंदीत पाच अठरा.

मी बायकोला विचारलं, "त्या वर्षी आपल्या बाहेरच्या खोलीतलं घड्याळ मागे पडत होतं का गं?"

"पडत होतं. सेल आणा म्हणून पंधरा दिवस सांगत होते. तुम्ही त्यावरूनच कॅमेऱ्यात वेळ लावत बसला होतात."

सत्तेचाळीस मिनिटं. म्हणजे माझा उचाट सात बेचाळीसचा. भाऊनंतर बावीस मिनिटांनी.

बाईंना मी मोघम विचारलं की घड्याळ चुकलेलं असेल तर काय करायचं. त्या म्हणाल्या, सगळ्या फोटोंच्या वेळा एकदम पुढे सरकवता येतात. पण ओळ एकदाच चालवा, दोनदा चालवली तर दोनदा सरकतील. मी त्या सहलीचे फोटो वेगळे काढले. उचाट मात्र त्यातून उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवला. हो, ठेवला. मग शून्य तास सत्तेचाळीस मिनिटं अधिक करून ओळ चालवली आणि उचाट हळूच जागेवर आणला.

पंक्चर आता सात पाचला झालं होतं. उचाट सहा पंचावन्नलाच. म्हणजे मी पक्षी आधी टिपला आणि मग त्याच्याकडे जाताना माझी रिक्षा पंक्चर झाली. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले, पण असला नकाशा कुणाला काढून दिला नव्हता.

मी उचाटही सरकवला. एक्झिफटूल बदललेल्या प्रत्येक फाइलीची जुनी प्रत शेजारी ठेवून देतं. बाकीच्या जुन्या प्रती मी पुसल्या, उचाटाची पुसवेना. सहा पंचावन्न अजून माझ्याकडे आहे.

बाईंना फोटो गेले, खुलाशाची चिठ्ठी गेली नाही. त्यांनी दोघांच्या वेळा पाहिल्या आणि पहिली नोंद भाऊच्या नावावर केली. नवी पुस्तिका मिळाल्यावर भाऊचा फोन आला.

"आबा, धुळाना बाईनी बठ्ठं तपासं. त्यांले चूक सापडनी. तू वाईट वाटी लेऊ नको."

चूक बाईंना सापडली असं धरून तो माझीच समजूत काढत होता. मी म्हणालो, "नाही, नाही. वाईट कसलं."

त्यानंतर खरं सांगायला मी दोनदा दीपनगरला गेलो. पहिल्यांदा त्याने शेवभाजी करायला लावली आणि तोंड भरलेलं राहिलं. दुसऱ्यांदा त्याने ती पुस्तिका काढून माझ्याकडून आपलं नाव मोठ्याने वाचून घेतलं. चष्मा सापडत नाही म्हणाला. तो कपाळावर होता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारात चपलांची गर्दी होती आणि सांगायला तो नव्हता.

भाऊ, चूक बाईंना नाही, मला सापडली. घड्याळ माझं मागे होतं, सावली तुझी खरी होती, आणि रिक्षा पंक्चर झाली होती हे मला त्या बैठकीतही आठवत होतं. मी सर्वांत मोठ्याने हसलो, त्याबद्दल मला माफ कर.